आबांच्या रिपोर्टचे नुसते आकडे आलेत, युनिट नाही की नॉर्मल रेंज नाही. यावरून काय कळू शकतं?

तापीकाठचा | शनिवार, रात्री 9:10

मंडळी, मी पुण्यात असतो. आई-आबा गावी, सावद्याजवळ. आबांना गेले काही दिवस थकवा जाणवतोय, म्हणून आज सकाळी तालुक्याच्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं. तपासणी जळगावच्या लॅबमध्ये होते. संध्याकाळी रिपोर्ट पुतण्याच्या मोबाईलवर आला आणि त्याने मला व्हॉट्सॅपवर असं टाईप करून पाठवलं:

हिमोग्लोबिन 10.9
प्लेटलेट 2.1
शुगर 68
एचबीए1सी 7.4
युरिया 52
क्रिएटिनिन 1.4
सोडियम 138
पोटॅशियम 6.1
व्हिटॅमिन डी 38

एवढंच. पुढे युनिट नाही, बाजूची रेंज नाही. फोन केला तर पोरगा लग्नाच्या वरातीत आहे, उचलत नाही. मूळ फाईल त्याच्याकडेच आहे. आमचे नेहमीचे डॉक्टर सोमवारी भेटतील. तोवर या आकड्यांवरून काही सांगता येतं का, की काहीच सांगता येत नाही?

हिशोबनीस | 9:18

काळजी करू नका. नेटवर प्रत्येक तपासणीची नॉर्मल रेंज मिळते, ती समोर ठेवा आणि जुळवा. मी आत्ताच जुळवली. हिमोग्लोबिन कमी. शुगर कमी, म्हणजे गोळीचा डोस जास्त होतोय, उद्याची गोळी देऊ नका. क्रिएटिनिन जरासं वर. पोटॅशियम जास्त आहे, रावेर-यावलकडचे लोक केळी खातात त्यामुळे असेल, आठवडाभर केळी बंद करा. व्हिटॅमिन डी 38 म्हणजे एकदम मस्त, तिथे बघायलाच नको.

भरीतभाकरी | 9:21

केळीवर आळ आला म्हणजे आता रावेर तालुका पेटणार 😄 आमच्या घरात तीन पिढ्या केळी खातायत हो.

अमळनेरची मावशी | 9:24

बाळा, लॅब चांगली बघूनच रक्त द्यावं. माझा थायरॉइडचा रिपोर्ट दोन लॅबमधून दोन वेगळे आले होते. एकीकडे टीएसएच 6.2, दुसरीकडे 5.1. मग कोणावर विश्वास ठेवायचा? अमळनेरात कोणती लॅब बरी आहे हे कोणी सांगेल का?

नळी आणि सुई | 9:33

तापीकाठचा, मी भुसावळला लॅब टेक्निशियन आहे, बरीच वर्षं याच कामात गेली. आधी तीन गोष्टी सांगा. आबांचं वय किती? गोळ्या कोणत्या चालू आहेत? रक्त किती वाजता काढलं आणि ते जळगावला कधी पोहोचलं?

आणि हिशोबनीस, कृपा करून कोणालाही "गोळी देऊ नका" असं इथून सांगू नका. त्या 68 वर मला स्वतःलाच भरवसा वाटत नाही.

तापीकाठचा | 9:38

आबा 67 वर्षांचे. बीपीसाठी टेल्मिसार्टन, शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. रक्त सकाळी आठच्या आत दिलं, उपाशीपोटी. जळगावला कधी पोहोचलं ते माहीत नाही. सेंटरवाल्याची गाडी बारा-साडेबाराला निघते असं आई म्हणाली.

नळी आणि सुई | 9:52

मग एकेक घेऊ. नुसत्या आकड्यातूनही काही गोष्टी पक्क्या कळतात, कारण काही तपासण्यांत दुसरं युनिट बसूच शकत नाही.

हिमोग्लोबिन 10.9 हे ग्रॅम पर डेसिलिटरच असणार. दुसऱ्या पद्धतीने लिहिलं असतं तर 109 आलं असतं. पुरुषाला 13 च्या खाली म्हणजे कमी, हे रेंज न बघता सांगता येतं. का कमी, ते मात्र या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी पेशींचा आकार, म्हणजे एमसीव्ही लागतो. तो रिपोर्टात असणारच, पुतण्याने टाईप केला नसेल. प्लेटलेट 2.1 हे लाखात आहे, दोन लाख दहा हजार, व्यवस्थित. क्रिएटिनिन 1.4 हे एमजी पर डीएल. परदेशातल्या युनिटमध्ये हेच 124 च्या आसपास दिसलं असतं. सोडियम-पोटॅशियमला एमईक्यू लिहा की एममोल, आकडा तोच राहतो.

अडतं ते दोन ठिकाणी. पहिलं युरिया. लॅब दोन प्रकारे छापते, युरिया किंवा बीयूएन. बीयूएनला 2.14 ने गुणलं की युरिया येतो. तुमचे 52 हे खरंच युरियाचे असतील तर थोडेसेच वर आहेत. रिपोर्टवर बीयूएन असेल आणि पोराने सवयीने युरिया लिहिलं असेल, तर युरिया 111 होतो आणि गोष्ट पार बदलते. क्रिएटिनिन फक्त 1.4 असताना युरिया 111 सहसा दिसत नाही. पोटात रक्तस्राव किंवा अंगातलं पाणी खूप कमी झालेलं असेल तर तसं होऊ शकतं. म्हणून माझा कल युरियाकडे आहे. पण तो कलच, खात्री नव्हे.

दुसरं व्हिटॅमिन डी, आणि तिथे तर कलसुद्धा सांगता येत नाही. आपल्याकडे बहुतेक लॅब नॅनोग्रॅममध्ये देतात, त्यात 38 चांगलं. काही लॅब नॅनोमोलमध्ये देतात, तिथले 38 म्हणजे नॅनोग्रॅममधले जेमतेम 15, स्पष्ट कमतरता. बाकीचा कोणताही आकडा याचा निकाल लावू शकत नाही. केळीचा भाव कोणी नुसता "1200" सांगितला तर क्विंटलचा की गाडीचा हे विचारल्याशिवाय तुम्ही हो म्हणाल का? तसंच आहे हे.

शुगर आणि पोटॅशियमवर वेगळं लिहितो, तिथे युनिटचा प्रश्नच नाही.

धुळे ते लेस्टर | 9:57

युनिटचा अनुभव आमच्याकडेही आहे. माझी शुगर इथे ब्रिटनमध्ये 7.6 आली. आईला धुळ्याला फोनवर आकडा सांगितला तर तिने रडायलाच घेतलं. शेजारच्या काकांची 70 ला चक्कर आली होती, तुझी सातच? इथे मिलिमोलमध्ये मोजतात, 18 ने गुणा, 137 येतात. तेव्हापासून मी आकडा सांगतच नाही, फोटो पाठवतो.

डॉ. गिरणाकाठ | 10:04

मी फिजिशियन आहे. नळी आणि सुई यांचं पुढचं येईपर्यंत मध्येच लिहितो, कारण हे थांबण्यासारखं नाही.

तापीकाठचा, पोटॅशियम 6.1, वय 67, क्रिएटिनिन वाढलेलं आणि टेल्मिसार्टन चालू. हा आकडा खोटा असण्याची शक्यता चांगली आहे, त्याची कारणं नळी आणि सुई सांगतीलच. पण पुन्हा तपासेपर्यंत तो खराच धरायचा. पोटॅशियम खरोखर इतकं वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि त्याआधी माणसाला काही जाणवेलच असं नसतं. सोमवारची वाट बघू नका. ज्या दवाखान्यात रात्री ईसीजी आणि पोटॅशियम दोन्ही होतं तिथे आजच न्या, भुसावळ जवळ पडेल. त्याच्याही आधी घरी ग्लुकोमीटर असेल तर आत्ता बोटातून शुगर बघायला सांगा.

आहिरानी भाऊ | 10:06

भाऊ, पहिले आबाले दवाखानामा लई जा, मंग बाकीन्या गप्पा.

तापीकाठचा | 10:15

ग्लुकोमीटर आहे. आईने आत्ता बघितली, 176. जेवण साडेआठला झालंय. चुलतभाऊ गाडी काढतोय, भुसावळला नेतात. आबा म्हणतात मला काहीही होत नाहीये, उगाच रात्रीची दगदग.

डॉ. गिरणाकाठ | 10:18

त्यांना म्हणावं, आकडा तपासायला चाललोय, तुम्हाला ॲडमिट करायला नाही. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. आणि डॉक्टरांना "पोटॅशियम 6.1 आलंय" हे दारातच सांगा, रांगेत बसून राहू नका.

नळी आणि सुई | 10:31

आता शुगर आणि पोटॅशियम.

रक्त नळीत आलं तरी त्यातल्या पेशी जिवंत असतात. त्या नळीतलीच साखर खातात. साध्या तापमानाला ठेवलेल्या रक्तात तासाला साधारण 5 ते 7 टक्के साखर कमी होते. म्हणून शुगरसाठी राखाडी झाकणाची नळी असते, तिच्यात फ्लोराइड असतं. तीही पहिला तास-दोन तास घट पूर्णपणे थांबवत नाही, पण नंतर आकडा टिकतो. लहान सेंटरवर पुष्कळदा दोनच नळ्या भरतात, जांभळी आणि लाल किंवा पिवळी, आणि शुगर त्या लाल-पिवळीतूनच लावली जाते. ती नळी वेळेवर सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून पेशी वेगळ्या केल्या तर ठीक. चार-पाच तास तशीच टेबलावर राहिली तर 110 ची 80 व्हायला वेळ लागत नाही.

पोटॅशियमचं उलटं. ते पेशीच्या आत भरपूर आणि बाहेर थोडं असतं. आतलं आत धरून ठेवायला पेशीला सतत काम करावं लागतं. नळी न फिरवता ठेवली की हळूहळू ते बाहेर येतं आणि आकडा चढतो. म्हणजे एकाच रिपोर्टात शुगर खाली आणि पोटॅशियम वर दिसलं, की माझा पहिला प्रश्न असतो, नळी किती वेळ पडून होती?

हिशोबनीस | 10:36

म्हणजे उन्हामुळे. आपल्याकडे मे महिन्यात 44-45 डिग्री असतं, तेव्हा सगळ्यांचंच पोटॅशियम वाढलेलं येत असणार. पण आत्ता तर जानेवारी आहे, त्यामुळे हे कारण बाद.

नळी आणि सुई | 10:47

उलट जानेवारीतच जास्त सांभाळावं लागतं. पोटॅशियम आत ओढायचं पेशीचं काम थंडीत मंदावतं. न फिरवलेली नळी फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पॅकवर ठेवली, की टेबलावर ठेवल्यापेक्षा पोटॅशियम जास्त चढतं. सेंटरवरच्या पोराला वाटतं, थंड ठेवलं म्हणजे नमुना सुरक्षित. शुगरच्या बाबतीत ते काही अंशी खरं आहे, पोटॅशियमच्या बाबतीत बरोबर उलट. आधी नळी फिरवायची, पेशी वेगळ्या करायच्या, मग थंड करायची.

यात आणखी एक मेख आहे. नळी आपटून किंवा बारीक सुईने जोरात ओढून पेशी फुटल्या तर वरचा द्रव लालसर दिसतो, मशीनही खूण करतं, आणि रिपोर्टखाली शेरा येतो. थंडीत नुसतं झिरपून बाहेर आलेल्या पोटॅशियमला असा रंग नसतो. नमुना दिसायला स्वच्छ पिवळा असतो. लॅबला कळत नाही, डॉक्टरला कळत नाही, रुग्णाला तर नाहीच.

रक्त काढताना दंडाला पट्टा आवळून मूठ उघड-बंद करायला लावतात, त्यानेही पोटॅशियम वाढलेलं दिसतं. आमच्याकडे नवीन पोरं आली की पहिली सवय मी हीच मोडतो.

भरीतभाकरी | 10:52

म्हणजे केळी निर्दोष?

डॉ. गिरणाकाठ | 11:05

पूर्ण निर्दोष नाही, पण मुख्य आरोपीही नाही. एका मध्यम केळ्यात साधारण 400 मिलीग्रॅम पोटॅशियम असतं. किडनी चांगली असेल तर ते लघवीवाटे निघून जातं. किडनी मंदावलेली असेल आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर ते साठू शकतं, तेव्हा बेत बघून खावं लागतं. पण त्याच्या आधी मी दुसरं विचारतो. घरात कमी सोडियमचं मीठ वापरता का? बीपीच्या लोकांना कोणीतरी ते आणून देतं. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि ते रोज दोन्ही वेळच्या जेवणात पडतं.

हिशोबनीस यांच्या "रेंजशी जुळवा" वरही थोडं लिहितो, ते निम्मं बरोबर आहे म्हणूनच. रेंज लागतेच. पण क्रिएटिनिन 1.4 ला रेंज असती तरी काय झालं असतं? 1.3 च्या वर म्हणून बाजूला खूण आली असती, बस. किडनी किती काम करते ते वय आणि स्त्री-पुरुष लक्षात घेऊन काढावं लागतं. हेच 1.4 तिशीच्या तरुणाचं असेल तर ईजीएफआर 69 च्या आसपास येतो. 67 वर्षांच्या आबांचा साधारण 55. आणि 67 वर्षांच्या बाईचा 41. तिघांना रिपोर्टात सारखीच खूण, पण तिघांची गोष्ट वेगळी. तरुण पहिलवान असेल तर नुसत्या स्नायूंमुळेही 1.4 दिसू शकतं.

55 वरून "किडनीचा आजार" असंही म्हणायचं नाही. तीन महिने तसंच राहिलं तर म्हणायचं. तेव्हा तापीकाठचा, जुने रिपोर्ट शोधा. दोन वर्षांपूर्वी 1.4 च असेल तर एक गोष्ट, मागच्या दिवाळीला 0.9 असेल तर दुसरी.

शहाद्याची आशा | 11:14

मी नंदुरबार जिल्ह्यात आरोग्याचं काम करते. एचबीए1सी वर कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. 7.4 ला युनिटची अडचण नाही, ते टक्केच, दुसऱ्या पद्धतीत 57 सारखा आकडा दिसला असता. पण ही तपासणी लाल पेशींवर चालते. आमच्या अक्राणी, तळोदा भागात सिकलसेल खूप आहे. त्या लोकांच्या लाल पेशी लवकर संपतात, म्हणून एचबीए1सी खोटंच कमी येतं. एका बाईची उपाशीपोटीची शुगर 190 होती आणि एचबीए1सी 5.6. आम्ही त्या आकड्यावर थांबलो असतो तर तिचा डायबेटिस हुकला असता. आबांचं हिमोग्लोबिन 10.9 आहे, त्याचं कारण कळेपर्यंत मी 7.4 वरही फार जोर देणार नाही.

नळी आणि सुई | 11:20

बरोबर. आणि लोह कमी असेल तर उलटं, एचबीए1सी थोडं जास्त दिसू शकतं. म्हणून म्हटलं, एमसीव्ही बघायला हवा.

तरीही एक सांगतो. 7.4 म्हणजे सरासरी शुगर 165 च्या आसपास. तिच्याशेजारी 68 बसत नाही. अशक्य नाही, पण खटकतं.

अमळनेरची मावशी | 11:26

माझ्या टीएसएचचं राहिलंच. मी 71 ची आहे.

नळी आणि सुई | 11:34

मावशी, टीएसएचला युनिट नसलं तरी सहसा बिघडत नाही, दोन प्रकारे लिहितात पण आकडा एकच राहतो. 6.2 आणि 5.1 मध्ये कोणती लॅब खोटी असं काही नाही. मशीन वेगळं, किट वेगळं, शिवाय टीएसएच दिवसभरात खाली-वर होतं. पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच वेळेला करा, म्हणजे तुलना खरी होईल. गोळी लागते की नाही ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, तुमच्या वयाला थोडं वाढलेलं टीएसएच बरेचदा नुसतं बघत राहतात.

तापीकाठचा | रविवार, रात्री 12:50

भुसावळला पोहोचले. ईसीजी ठीक आहे. रक्त तिथेच काढलं आणि लगेच तपासलं. पोटॅशियम 5.3. यावेळी भावाला सांगून रिपोर्टचा फोटोच मागवला. रेंज 3.5 ते 5.1 छापली आहे. क्रिएटिनिन पुन्हा 1.4. घरी जा म्हणाले, टेल्मिसार्टनचं सोमवारी डॉक्टरांशी बोला, आणि पोटॅशियम आठवड्याने पुन्हा करा.

मिठाचं आईला विचारलं. हो, कमी सोडियमचंच आहे. बहिणीने दिवाळीत आणून दिलं होतं, आबांच्या बीपीसाठी.

आहिरानी भाऊ | 12:54

चांगलं व्हयनं भाऊ. आबाले आराम करू दे.

हिशोबनीस | सकाळी 8:05

5.3 म्हणजे रेंजच्या वरच आहे की. मग कालचा आकडा खोटा कसा?

डॉ. गिरणाकाठ | 8:40

प्रश्न रास्त आहे. कालच्या 6.1 मधला काही भाग नळीतला होता आणि काही भाग आबांचा. नळीतला किती आणि आबांचा किती, हे आता कोणालाच सांगता येणार नाही. 5.3 ही भीतीची पातळी नाही, पण दुर्लक्ष करण्याचीही नाही. मीठ आजपासून बदला, साधंच मीठ पण कमी. टेल्मिसार्टन स्वतःहून बंद करू नका, ती गोळी डायबेटिसमध्ये किडनीलाही उपयोगी असते.

तापीकाठचा | दुपारी 1:20

पुतण्या उठला. मूळ रिपोर्ट आला. त्याने टाईप न केलेल्या गोष्टी अशा:

नमुना घेतल्याची वेळ 7:40. लॅबला मिळाल्याची वेळ 2:50.
एमसीव्ही 71.
युरिया खरंच युरिया आहे, एमजी पर डीएल, रेंज 17 ते 43.
व्हिटॅमिन डी 38 च्या पुढे एनमोल पर लिटर लिहिलंय. रेंज 75 ते 250.
शुगरच्या ओळीत नमुन्याचा प्रकार "सीरम" दिलाय.

नळी आणि सुई | 1:41

सात तास दहा मिनिटं! आणि शुगर सीरमवर, म्हणजे राखाडी नळी नव्हतीच. नळी सेंटरवर फिरवली होती का, ते फोन करून विचारा. भांडू नका, नीट विचारा. त्यांच्याकडे सेंट्रिफ्यूज नसेल तर पोटॅशियम आणि शुगरसाठी तिथे रक्त देऊ नका. बाकीच्या बऱ्याच तपासण्यांना त्यांचं काम चालेल.

तरीही 68 पूर्णपणे नळीमुळेच आली असं मी छातीठोक म्हणणार नाही. खरी शुगर 95-100 असेल तर सात तासांत 68 सहज होते. 125 असेल तर एवढी घसरण जरा जास्तच वाटते, आणि पुढचा वेळ ती बर्फावर असेल तर आणखीच. चार-पाच दिवस सकाळी उपाशीपोटी ग्लुकोमीटरवर बघा.

एमसीव्ही 71 म्हणजे पेशी लहान. लोहाकडे बघायला हवं.

डॉ. गिरणाकाठ | 1:55

आणि 67 व्या वर्षी पुरुषाचं लोह कमी असेल तर ते कुठून जातंय हेही बघायला हवं. नुसत्या लोहाच्या गोळ्या सुरू करून थांबू नका. लोहाचा साठा सांगणारी फेरिटिनची तपासणी करा आणि पोटाची तपासणी लागेल का ते डॉक्टरांशी बोला. काळे शौच, भूक कमी, वजन कमी, असं काही आहे का, हे आबांना स्वतः विचारा. आईमार्फत विचारलं तर ते सांगणार नाहीत.

युरिया थोडा वर आहे, तोही याच्याशी जोडून बघावा लागेल. या घडीला एवढंच म्हणतो.

शहाद्याची आशा | 2:10

व्हिटॅमिन डी 38 ला आपण सगळे "मस्त" म्हणून सोडून देणार होतो!

हिशोबनीस | 2:16

मी नेटवर जी रेंज बघितली ती 30 ते 100 होती, नॅनोग्रॅमची. इथे ती लागूच नव्हती. मान्य.

तापीकाठचा | पुढचा शनिवार, रात्री 8:30

आठवड्याचं सांगतो. सकाळच्या शुगर 118, 126, 109 अशा आल्या. बुधवारी 74 आली. मंगळवारी रात्री भरीत पार्टीला जाऊन आबा जवळपास न जेवताच परतले होते, गोळी मात्र घेतली होती. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड निम्मी केली. म्हणाले, किडनी थोडी मंद असली की ही गोळी अंगात जास्त वेळ राहू शकते आणि जेवण चुकलं तर शुगर खाली जाते.

पोटॅशियम आज भुसावळला जाऊन केलं. रक्त काढल्यावर अर्ध्या तासात नळी फिरवलेली भावाने स्वतः पाहिली. 4.9. मीठ बदललंय, टेल्मिसार्टन तीच आहे, केळी रोज एक.

फेरिटिन 9 आलंय, नॅनोग्रॅम पर एमएल, रेंज 30 ते 400. फोटोच मागवला होता. आबांना स्वतः विचारलं. वजन चार महिन्यांत कमी झालंय म्हणाले, आईला माहीत नव्हतं. सोमवारी जळगावला पोटाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे.

हिशोबनीस | 8:42

म्हणजे गोळीचा डोस जास्त होता हे माझं बरोबर निघालं.

डॉ. गिरणाकाठ | 8:50

डोसचं बरोबर निघालं, पण त्या रात्री आबांची खरी शुगर 176 होती. तेव्हा गोळ्या बंद केल्या असत्या तर सोमवारपर्यंत ती कुठे गेली असती कोण जाणे. निर्णय बुधवारच्या 74 वर झाला, ते योग्य झालं.

तापीकाठचा, सोमवारी जाताना दोन्ही रिपोर्टच्या मूळ प्रती न्या आणि जुनं क्रिएटिनिन सापडलं का ते सांगा. वजनाचं डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा.

तापीकाठचा | 9:02

जुना एकच रिपोर्ट सापडला, तीन वर्षांपूर्वीचा. क्रिएटिनिन 1.2, पण तो कागदही पुतण्याच्या वडिलांनी वहीत उतरवून ठेवलेला आहे. लॅबचं नाव नाही, तारीख अर्धी.

नळी आणि सुई | 9:09

लॅबचं नाव कळलं तर फोन करा, काही लॅब जुने रिपोर्ट संगणकात ठेवतात. नाही सापडला तर वहीचं पानही न्या. त्याच पानावर हिमोग्लोबिन लिहिलंय का बघा, डॉक्टर तेच आधी विचारतील.